नवी फर्म, पण सुरुवातीची बाकी शून्य नसते

कराडला माझ्या भाच्याने जानेवारी २०२५ मध्ये नळजोडणी आणि वायरिंगच्या सामानाचे दुकान टाकले. पहिले तीन महिने हिशेब वहीत होता. १ एप्रिलपासून त्याने टॅलीप्राइम घेतले. एप्रिल संपता संपता त्याचा फोन आला. "मामा, ताळेबंदाच्या एका बाजूला Difference in opening balances म्हणून ८३,९२० दाखवतंय. माझ्या भांडवलात तेवढी रक्कम वाढवली तर जातंय ते. वाढवू का?"

मी म्हणालो, "वाढवू नकोस. रविवारी येतो, वही आणि पासबुक काढून ठेव."

तो फरक घालवायला दहा सेकंद लागले असते. शोधायला आमची अख्खी दुपार गेली. पण त्या दुपारी कळले की, भाचा स्वतःचे भांडवल समजत होता त्यापेक्षा ते १,१५,९२० रुपयांनी कमी होते. नव्या छोट्या फर्ममध्ये सॉफ्टवेअर बसवून देणारा बहुतेकदा अर्ध्या तासात काम उरकतो, फरक राहिलाच तर तो भांडवलात किंवा Suspense A/c मध्ये टाकतो आणि ताळेबंद जुळला म्हणून सांगतो. माझे मत स्पष्ट आहे. सुरुवातीच्या बाकीतला फरक कोणत्याही खात्यात ढकलू नये आणि हे काम मालकाने स्वतः बसून करावे. कारण त्या फरकाचे उत्तर मालकाच्याच डोक्यात असते.

आधी तारीख, मग आकडे

सुरुवातीची बाकी म्हणजे एका ठरावीक दिवशी फर्मकडे काय आहे आणि फर्म कोणाचे काय देणे लागते, याची यादी. त्यामुळे पहिला निर्णय तारखेचा. टॅलीत कंपनी तयार करताना Books beginning from असा रकाना येतो. तिथे टाकलेल्या तारखेच्या सकाळची बाकी सॉफ्टवेअर धरते.

भाच्याचे काम इथे सोपे होते. त्याचे पहिले आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले आणि सॉफ्टवेअर १ एप्रिलपासून सुरू झाले. वर्ष संपले की त्या वर्षाची विक्री, खरेदी, भाडे, वीजबिल ही सगळी खाती नफा-तोट्यात मिटतात आणि तो नफा भांडवलात जातो. म्हणून १ एप्रिलला फक्त ताळेबंदातल्या गोष्टी आणायच्या : रोख, बँक, माल, येणे, देणे, कर्ज, भांडवल.

फसगत होते ती वर्षाच्या मधोमध सुरुवात करणाऱ्याची. समजा दुकान जूनमध्ये उघडले आणि सॉफ्टवेअर ऑक्टोबरमध्ये घेतले. ३० सप्टेंबरची रोख, बँक आणि देणी-येणी तेवढी भरली, तर जून ते सप्टेंबरची विक्री आणि खर्च वर्षाच्या नफा-तोट्यात येतच नाहीत. मार्चमध्ये सॉफ्टवेअर सहाच महिन्यांचा नफा दाखवते आणि आयकर विवरणपत्र भरताना धावपळ होते. अशा वेळी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे त्या चार महिन्यांची विक्री आणि प्रत्येक खर्चही त्या-त्या खात्याची सुरुवातीची बाकी म्हणून आणायचा. दुसरा म्हणजे दुकान उघडल्याच्या दिवसापासून पुस्तके सुरू करून मागच्या सगळ्या नोंदी भरायच्या. फर्म नवी असेल आणि नोंदी काही शे असतील, तर मी दुसरा मार्ग सुचवतो. मेहनत जास्त आहे, पण त्यात सुरुवातीची बाकी खरोखरच शून्य असते आणि प्रत्येक आकड्यामागे बिल असते.

खात्यांची यादी : नाव तुमचे, घर सॉफ्टवेअरचे

टॅलीत नवी कंपनी उघडली की २८ गट तयार मिळतात. खाती मात्र दोनच असतात, रोख आणि नफा-तोटा. बाकीची खाती आपण उघडायची आणि प्रत्येकाला एका गटात बसवायचे. खात्याचे नाव काहीही ठेवा, ते अहवालात कुठे दिसणार हे गट ठरवतो. म्हणून नावापेक्षा गटावर जास्त विचार करावा लागतो.

भाच्याने दुकानाच्या डिपॉझिटचे खाते 'दुकान भाडे डिपॉझिट' या नावाने उघडले होते. नाव बरोबर, गट चुकीचा. भाड्याशी संबंधित म्हणून त्याने ते Indirect Expenses मध्ये टाकले होते. परिणाम असा की, दुकान सोडताना परत मिळणारे एक लाख रुपये सॉफ्टवेअरच्या लेखी खर्च झाले होते. योग्य गट Deposits (Asset). बँकेच्या कर्जाचा हप्ताही त्याने अख्खा खर्चात धरायचे ठरवले होते. हप्त्यातले व्याज तेवढे खर्च असते. मुद्दलाच्या भागाने कर्ज कमी होते, म्हणून तो कर्जाच्या खात्यात जायला हवा. त्यासाठी बँकेकडून कर्जखात्याचा उतारा घ्यावा लागतो, हप्त्याच्या रकमेवरून तो भाग कळत नाही.

तिसरी गोष्ट घरखर्चाची. दुकानाच्या गल्ल्यातून घरचा किराणा आला, तर तो दुकानाचा खर्च नव्हे, मालकाची उचल आहे. त्यासाठी Capital Account या गटात 'उचल' असे वेगळे खाते पहिल्याच दिवशी उघडावे. नाही उघडले, तर ते पैसे 'किरकोळ खर्च' या खात्यात शिरतात.

खाती किती असावीत? भाच्याने चहा, झेरॉक्स, झाडू, दिवाबत्ती अशी खर्चाचीच तीसेक खाती काढली होती. मी एकच कसोटी लावतो. ज्या खर्चाचा वर्षाचा आकडा पाहून तुम्ही काही वेगळे करणार असाल, किंवा कर विवरणात जो वेगळा सांगावा लागतो, त्याचेच वेगळे खाते काढावे. टेम्पोभाडे वेगळे ठेवा, कारण ते वाढले तर पुरवठादाराशी बोलता येते. चहा आणि झाडू एकत्र चालतील. उलट 'पगार आणि हमाली' असे एकत्र खाते काढू नका. चुकीच्या गटातले खाते नंतर एका बदलात योग्य गटात नेता येते, अहवाल आपोआप सुधारतात. पण दोन प्रकारचे खर्च एका खात्यात मिसळले, तर ते एकेक नोंद उघडूनच वेगळे करावे लागतात.

८३,९२० कुठून आले?

आता मुख्य काम. डिपॉझिटचा गट आधी दुरुस्त केला. बाकी आकडा बरोबर असल्याने त्याने फरक हलला नाही. मग भाच्याने भरलेले आकडे कागदावर मांडले. फर्मची मालमत्ता : रोख १८,४००, बँक १,०५,५२०, डिपॉझिट १,००,०००, फर्निचर १,६०,०००, संगणक व प्रिंटर ४८,०००, ग्राहकांकडून येणे ७२,००० आणि माल ४,३५,०००. एकूण ९,३८,९२०. समोरची बाजू : बँक कर्ज ४,००,०००, पुरवठादारांचे देणे २,०५,००० आणि भांडवल २,५०,०००. एकूण ८,५५,०००. दोन्हींतला फरक ८३,९२०.

मग एकेक आकडा कागदपत्राशी लावला.

बँकेचा आकडा त्याने पासबुकातून घेतला होता. पण २८ मार्चला एका पुरवठादाराला दिलेला २२,००० चा चेक ३१ तारखेपर्यंत वटला नव्हता. वहीत पुरवठादाराचे देणे त्या चेकपुरते कमी झाले होते, बँकेची शिल्लक मात्र तशीच होती. म्हणजे तेच २२,००० दोनदा फर्मच्या बाजूने मोजले गेले. सुरुवातीची बँक बाकी पासबुकाची नव्हे, आपल्या पुस्तकाची हवी : ८३,५२०. न वटलेला चेक बँक ताळमेळाच्या पानावर वेगळा नोंदवायचा. ही चूक राहिली असती, तर चेक एप्रिलमध्ये वटल्यावर भाच्याने तो नव्याने नोंदवला असता आणि त्या पुरवठादाराच्या खात्यात २२,००० देणे कमी दिसले असते. वाद तिथून सुरू होतात.

फर्निचर आणि संगणक त्याने बिलाच्या किमतीला धरले होते. पण पहिल्या वर्षाचा घसारा वजा करायला हवा. आयकराच्या दराने फर्निचरला १० टक्के आणि संगणकाला ४० टक्के. वस्तू त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल, तर दर निम्मा. दुकान जानेवारीचे, म्हणून ५ आणि २० टक्के. घसारा ८,००० आणि ९,६००. नव्या किमती १,५२,००० आणि ३८,४००.

जीएसटीचे खाते तर त्याने उघडलेच नव्हते. खरेदीवर भरलेला कर विक्रीच्या करापेक्षा जास्त होता, कारण दुकान भरण्यासाठी माल एकदम घेतला होता. मार्चचे विवरणपत्र एप्रिलमध्ये भरल्यानंतर ६७,६८० रुपये शिल्लक क्रेडिट होते, केंद्राचे आणि राज्याचे निम्मे-निम्मे. ३१ मार्चला पोर्टलवर दिसणारा आकडा घेऊन इथे चालत नाही. त्यात मार्च महिना धरलेला नसतो. ही शिल्लक Duties & Taxes या गटात, पण नावे बाजूला आणायची, कारण हे सरकारकडून आपले येणे आहे. नाही आणली, तर एप्रिलपासून सॉफ्टवेअर कर भरायचा आहे म्हणून सांगते आणि पोर्टल काहीच भरायचे नाही म्हणते.

देण्यांच्या बाजूला कर्ज त्याने मंजूर रकमेइतके, चार लाख धरले होते. बँकेच्या उताऱ्यात मुद्दलातले १२,००० फिटून ३,८८,००० उरले होते. मार्चची वीज आणि टेम्पोभाडे मिळून ६,००० एप्रिलमध्ये चुकते केले होते. ३१ मार्चला ते देणेच होते.

एवढे झाल्यावर मी विचारले, "चार लाख बँकेचे, अडीच लाख तुझे. माल, फर्निचर, डिपॉझिट, सगळे एवढ्यात बसले?"

तो जरा थांबला. "बाबांनी दीड लाख दिले होते. पण ते घरचेच ना, मामा."

"परत द्यायचे आहेत का?"

"हो, दोन वर्षांत देईन म्हणालोय."

मग ते घरचे असले तरी फर्मचे देणे आहेत. Unsecured Loans या गटात वडिलांच्या नावाने खाते, बाकी १,५०,०००. परत द्यायचे नसते, तर ती भेट ठरून त्याच्या भांडवलात गेली असती. हा फरक कोणत्याही बिलावर लिहिलेला नसतो. तो दोघांच्या बोलण्यात असतो, म्हणूनच बाहेरच्या माणसाला तो भरता येत नाही.

भांडवल सर्वांत शेवटी, आणि दोन वाटांनी

दुरुस्त यादी अशी झाली :

- रोख १८,४००
- बँक ८३,५२०
- डिपॉझिट १,००,०००
- फर्निचर १,५२,०००
- संगणक व प्रिंटर ३८,४००
- माल ४,३५,०००
- ग्राहकांकडून येणे ७२,०००
- जीएसटी क्रेडिट ६७,६८०
- एकूण मालमत्ता ९,६७,०००
- बँक कर्ज ३,८८,०००
- पुरवठादारांचे देणे २,०५,०००
- वीज व टेम्पोभाडे देणे ६,०००
- वडिलांचे देणे १,५०,०००
- एकूण देणी ७,४९,०००

वजाबाकी केली की उरते ते भांडवल : २,१८,०००. भाच्याने घातलेले अडीच लाख नव्हे आणि फरक मिटवण्यासाठी तो जे करणार होता ते ३,३३,९२० तर नव्हेच.

पण वजाबाकीवर थांबलो, तर आपण पुन्हा तेच केले, उरलेला आकडा भांडवलात टाकला. म्हणून भांडवल दुसऱ्या वाटेनेही काढायचे. वहीवरून तीन महिन्यांचा नफा मांडला. कर वगळून विक्री ५,१०,०००. खरेदी ८,३८,०००, त्यातला ४,३५,००० चा माल शिल्लक, म्हणजे विकलेल्या मालाची किंमत ४,०३,०००. ढोबळ नफा १,०७,०००. त्यातून भाडे २७,०००, घसारा १७,६०० आणि वीज, टेम्पो, हमाली, व्याज मिळून ३४,४०० गेले. निव्वळ नफा २८,०००. घातलेले २,५०,००० अधिक नफा २८,००० वजा घरासाठी उचललेले ६०,०००. उत्तर २,१८,०००.

दोन्ही वाटा एकाच आकड्यावर आल्या, तेव्हाच आम्ही तो Capital Account मध्ये टाकला. स्क्रीनवरचा फरक आपोआप नाहीसा झाला. वडिलांचे दीड लाख त्याने शेवटपर्यंत सांगितले नसते, तर पहिल्या वाटेने ३,६८,००० आणि दुसऱ्या वाटेने २,१८,००० आले असते. फरक नेमका दीड लाखाचा. असा गोल फरक दिसला की, लहान खर्चांत डोके घालण्याआधी एखादे राहिलेले कर्ज किंवा ठेव शोधावी.

या पडताळणीला एक मर्यादा आहे. मालाची किंमत चुकली, तर ती दोन्ही वाटांत सारखीच चुकते आणि दोन्ही उत्तरे छान जुळतात. शिल्लक माल ५०,००० ने जास्त धरला, तर मालमत्ताही तेवढी वाढते आणि नफाही. म्हणून ३१ मार्चच्या संध्याकाळी माल हाताने मोजावा लागतो. त्याची किंमत विक्रीची नव्हे, खरेदीची धरायची. जीएसटीचे क्रेडिट घेतले असेल, तर त्यातला करही वगळायचा. भाच्याने हे एक काम चोख केले होते. टॅलीत वस्तूंचा साठा ठेवत असाल, तर प्रत्येक वस्तूच्या नोंदीत नग आणि दर भरला की मालाची बाकी ताळेबंदात येते. त्यासाठी मालाचे वेगळे खाते उघडून तीच रक्कम पुन्हा भरायची गरज नसते.

येणे एकरकमी भरू नका

एका ठेकेदाराकडून ३६,५०० येणे होते. भाच्याने त्याच्या नावापुढे तेवढाच आकडा टाकला होता. ताळेबंदासाठी तो पुरेसा आहे, वसुलीसाठी नाही. वहीत पाहिले तर बिले दोन होती : १८ जानेवारीचे १६,००० आणि २० मार्चचे २०,५००. ठेकेदाराने एप्रिलमध्ये २०,५०० दिले होते, म्हणजे नवे बिल फेडले आणि जुने तसेच ठेवले. एकरकमी बाकीत ही गोष्ट दिसत नाही.

ग्राहकाच्या खात्यात Maintain balances bill-by-bill हा पर्याय चालू केला, तर सुरुवातीची बाकी भरताना सॉफ्टवेअर प्रत्येक बिलाचा क्रमांक, तारीख आणि रक्कम विचारते. तारीख मूळ बिलाची टाकायची, १ एप्रिलची नव्हे. १ एप्रिल टाकली, तर जानेवारीचे बिलही कालचे असल्यासारखे दिसते. पुरवठादारांचेही असेच भरायचे. नव्या फर्मची अशी बिले दहा-वीसच असतात.

'सीए बघतील की!'

या सगळ्यावर एक रास्त आक्षेप आहे. वर्षअखेरीस सीए ताळेबंद करणारच आहेत, मग दुकानदाराने दुपार का घालवायची? त्यात तथ्य आहे. घसारा, कराचे बारकावे हे त्यांचे काम आहे. पहिल्या वर्षाचे विवरणपत्र भरताना त्यांनी एखादा आकडा बदलला, तर सॉफ्टवेअरमधली सुरुवातीची बाकीही तशीच दुरुस्त करून घ्यावी. दोन्ही एकच असायला हव्यात. पण सीएसमोर येतो तो कागद. वडिलांचे दीड लाख परत द्यायचे आहेत की नाहीत, मार्चचे टेम्पोभाडे राहिले होते की नाही, हे त्यांना वर्षभराने कोण सांगणार? तोवर मालकही विसरलेला असतो.

काही सॉफ्टवेअर तर फरक समोर दाखवतही नाहीत. झोहो बुक्समध्ये तो Opening Balance Adjustments या खात्यात आपोआप जाऊन बसतो आणि दोन्ही बाजू जुळलेल्या दिसतात. तिथे ताळेबंद जुळला म्हणून समाधान मानू नका. ते खाते उघडा आणि त्याची बाकी शून्य आहे का, ते पाहा.

भाच्याने त्या रात्री आणखी एक काम केले. यादीतल्या प्रत्येक आकड्यामागचा कागद, म्हणजे पासबुकाचे पान, कर्जाचा उतारा, माल मोजल्याची यादी, येणे-देण्याची बिले, एका फाइलमध्ये लावला. वडिलांच्या दीड लाखासाठी कागद नव्हता. तो त्याने वडिलांच्या सहीसह एका पानावर लिहून घेतला, रक्कम आणि परतफेडीची मुदत घालून.